डब्यावरची चिठ्ठी

पितृपक्षात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं अजूनही बरीच कुटुंबं पाळतात. मग दसरा येतो. साडेतीन मुहूर्तांतला हा एक पूर्ण मुहूर्त, म्हणून कलश ठेवला जातो, दूध उतू घालतात आणि सामान हलवायची तयारी सुरू होते. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत दिवस उरतात जेमतेम वीस. त्यात रंगकाम रखडतं, सुतार सुट्टीवर जातो, जुन्या घराच्या अकरा महिन्यांच्या कराराची तारीख उलटायला येते. शेवटी अनेकांचा टेम्पो सोसायटीच्या फाटकात येऊन उभा राहतो तो वसुबारसेला नाही तर धनत्रयोदशीला.

समोरच्या घरात तोवर फराळाचे डबे भरलेले असतात आणि आकाशकंदील लागलेला असतो. नव्या बिऱ्हाडात मात्र गॅसची शेगडी कुठल्या खोक्यात आहे, याचा शोध चाललेला असतो. अशा वेळी शेजाऱ्यांना फराळ द्यावा हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण तो कसा द्यावा आणि सोबत दोन ओळी लिहून का द्याव्यात, याचा विचार सहसा होत नाही.

चाळीत चिठ्ठीची गरज नव्हती. गॅलरी एकच असायची. विणलेल्या रुमालाखाली झाकलेलं ताट कुणाच्या घरातून निघालं आणि कुणाच्या दारात गेलं, हे सगळ्या मजल्याला दिसायचं. ताट आणणाऱ्या मुलीला नाव विचारलं की तिच्या घरची सगळी माहिती मिळायची. फ्लॅटमध्ये दारं बंद असतात. बेल वाजते, अनोळखी माणूस हातात डबा देतो, "समोरच राहतो आम्ही" असं काहीसं म्हणतो आणि जातो. खोकी उपसून दमलेल्या माणसाला पुढच्या पाच मिनिटांत त्याचा चेहराही आठवत नाही. डबा ओट्यावर राहतो आणि त्याच्यासोबत काही प्रश्नही: हे कुणी दिलं, यात काय आहे, किती दिवस टिकेल, आणि याच्या बदल्यात आता आपण काय करायचं? चिठ्ठीचं काम या प्रश्नांची उत्तरं देण्याचं आहे. शुभेच्छा त्यात ओघाने येतातच.

एक नमुना

ठाण्यातली चार मजली इमारत धरू. तिसऱ्या मजल्यावर ३०२ मध्ये अमरावतीहून आलेलं कुटुंब धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी राहायला आलं आहे. नवरा-बायको, लहान मूल आणि आजोबा, एवढं लिफ्टपाशी दिसलं. ३०४ मधल्यांनी दुसऱ्या दिवशी डबा नेला आणि त्यावर ही चिठ्ठी होती:

"नमस्कार. आम्ही ३०४ मध्ये, तुमच्या समोरच्याच दारात राहतो. घरात आजी, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. तुमचं इथे स्वागत आणि सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा!

सोबत थोडा घरचा फराळ आहे. बेसनाचे लाडू: साजूक तूप, काजू, वेलची. भाजणीची चकली: तीळ आहेत. पोह्यांचा चिवडा: शेंगदाणे आणि सुकं खोबरं आहे, कांदा-लसूण नाही. लाडू पंधरा दिवस आणि चकली-चिवडा आठ-दहा दिवस बाहेर चांगले राहतात.

पाणी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७ असतं. लक्ष्मीपूजनाला कचरा सकाळी साडेसातलाच नेतात, पाडव्याला त्यांची सुट्टी. कोपऱ्यावरचं दुधाचं दुकान लक्ष्मीपूजनाला दुपारी २ वाजता बंद होतं.

शेगडी लागली नसेल तर चहा-दुधासाठी बेल वाजवा, आजी दिवसभर घरीच असतात. डबा आमच्याकडे जादाचा आहे, तुमच्याकडेच राहू द्या."

खाली सगळ्यांची नावं आणि एक फोन नंबर. वहीचं अर्धं पान भरलं. यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते, म्हणून ती एकेक करून पाहू.

पहिल्या परिच्छेदात घराचा नंबर, दार कुठल्या बाजूला आहे ते आणि घरात कोण कोण आहे, एवढंच आहे. नव्या माणसाला नावं पहिल्या दिवशी पाठ होत नाहीत, पण "समोर सातवीतली मुलगी आहे" हे लगेच लक्षात राहतं, विशेषतः आपल्याकडे लहान मूल असेल तर. लिहिणाऱ्याने स्वतःची ओळख दिली आहे, समोरच्याला मात्र एकही प्रश्न विचारलेला नाही. कुठले तुम्ही, आडनाव काय, घर विकत घेतलं की भाड्याने, नोकरी कुठे, हे सगळं हळूहळू कळतं. कागदावर हे प्रश्न आले की फॉर्म भरायला दिल्यासारखं वाटतं. त्यातून भाड्याने घर शोधताना याच प्रश्नांनी अनेकांना नकार मिळालेले असतात. आडनावाच्या मागे जात आणि "तुम्ही काय खाता" याच्या मागे घरमालकाची अट उभी असते, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. आपण सहज विचारलेलं त्यांना सहज वाटेलच असं नाही.

यात काय आहे?

चिठ्ठीचा दुसरा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा. पाकीटबंद खाऊवर घटकपदार्थ आणि शेंगदाणे, दूध, गहू यांसारख्या ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची नोंद छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मिठाईच्या दुकानात सुटी मिठाई कधीपर्यंत खावी हे ट्रेवर लिहावं, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. घरच्या डब्यावर यातलं काहीच नसतं. ओळखीच्या घरातून आलेला असेल तर ते लागतही नाही, कारण त्या घरचं तूप आणि तेल आपल्याला माहीत असतं. अनोळखी घराच्या बाबतीत तसं नसतं.

चिवड्यातले शेंगदाणे घ्या. दाण्यांची ॲलर्जी असलेल्या मुलाला एक दाणाही त्रास देऊ शकतो आणि चिवड्यातून दाणे वेचून काढले तरी त्यांचा अंश पोह्यांना लागलेला राहतो. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. पुष्कळ घरी सूर्यास्तानंतर खात नाहीत, त्यामुळे संध्याकाळी सातला दिलेला डबा दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडला जाईल. अशा घराला आपल्या चिवड्यात तळलेला लसूण आहे की नाही, हे चव घेण्याआधी कळायला हवं. आजोबांना मधुमेह असेल तर लाडू बाजूला ठेवता येतो, पण चिवड्यात पिठीसाखर घातली आहे हे दिसून येत नाही. बऱ्याच घरी ती घालतात. म्हणून तीही लिहावी. डालडा वापरला असेल तर "डालडा" असं सरळ लिहावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

किती दिवस टिकेल, हेही आपल्याला आपल्या हाताच्या पदार्थाबद्दलच खात्रीने सांगता येतं. बेसन तुपात खमंग भाजलेलं असेल तर लाडू पंधरवडा सहज राहतो. रव्याच्या लाडवात ओला नारळ घातला असेल तर तो तीन-चार दिवसांत संपवावा लागतो. दोन्ही लाडू दिसायला एकाच जातीचे, आणि नव्या घरात फ्रिज लागलेला असेलच असं नाही. करंजीचंही तेच. सुक्या खोबऱ्याच्या सारणाची करंजी आठवडाभर चालते, ओल्या नारळाची त्याच दिवशी खावी. नव्या बिऱ्हाडाला द्यायचं तर टिकाऊ तेच निवडावं. ओल्या नारळाची करंजी कितीही चांगली झाली असली, तरी ती ज्यांचा फ्रिज चालू आहे त्यांच्यासाठी ठेवावी.

किती द्यायचं, यात हात आखडता घेतलेला बरा. चार माणसांच्या घराला चार लाडू, आठ-दहा चकल्या आणि दोन वाट्या चिवडा पुरे होतो. त्या मजल्यावरून आणखी दोन डबे येणार असतात. डोंगर पाठवला तर अर्धा मऊ पडतो, आणि तो टाकायचा कसा या संकोचात ते लोक पडतात.

भरायचं कसं?

चकली आणि चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये. आत वाफ धरली की सकाळी कुरकुरीत असलेली चकली संध्याकाळी वातड होते. ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यात हवा कोरडी होत आलेली असते, पण ठाणे-मुंबईत आणि कोकणात दमटपणा उरलेला असतो. तिथे चकली वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि चिवडा वेगळ्या पिशवीत द्यावा. लाडू चकलीच्या डब्यात टाकू नये. तुपाचा ओलावा आणि वेलचीचा वास दोन्ही चकलीला लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय मोडावी. छपाईच्या शाईतले अपायकारक पदार्थ अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध सूचना काढलेली आहे. तेलकट चकलीवर तर बातमीचा ठसाच उमटतो.

चिठ्ठी डब्यात ठेवायची नाही. तुपाने कागद पारदर्शक होतो आणि जेल पेनाची शाई फुटून "शेंगदाणे" हाच शब्द नेमका वाचता येत नाही. साध्या बॉलपेनाने लिहून कागदाची दुमडी झाकणावर चिकटवावी किंवा सुतळीने बांधावी. मग तो डबा फ्रिजवर जावो की खोक्यांच्या ढिगावर, कुणाचा आहे ते कळतं.

डबा कसला द्यायचा यालाही कारण आहे. रिकामं भांडं परत करायचं नाही, त्यात निदान चमचाभर साखर तरी घालायची, ही आपल्याकडची रीत. एरवी ती छान आहे. पण ज्यांची साखर अजून कुठल्यातरी खोक्यात आहे, त्यांच्यावर स्टीलचा डबा म्हणजे एक काम होऊन बसतं. तो घासून, त्यात काहीतरी घालून, ओळख नसलेल्या दारात नेऊन द्यायचा असतो. काही लोक मग बाजारातून मिठाई आणून भरतात. म्हणून घरात पडून असलेला प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा डबा घ्यावा आणि "तुमच्याकडेच राहू द्या" हे शब्द लिहावेत. तोंडी "घाई नाही हो" म्हटलं तर ऐकणाऱ्याला त्यातून "कधीतरी आणून द्या" असंच ऐकू येतं.

दोन दिवसांपुरती माहिती

तिसरा परिच्छेद बघितला तर त्यात सणाचं काहीच नाही. पाणी, कचरा, दूध. पण नव्या माणसाला नेमकं सणाच्या दिवशी जे अडतं ते हेच. आठवड्याचं वेळापत्रक चार दिवसांत कुणालाही कळतं. दिवाळीत मात्र तेच वेळापत्रक बिघडतं आणि ते कसं बिघडतं हे जुन्या रहिवाशांनाच ठाऊक असतं. लक्ष्मीपूजनाला दुकानदार आपल्या पूजेसाठी लवकर शटर ओढतात, घरकाम करणाऱ्या बाई भाऊबीजेपर्यंत सुट्टीवर जातात, खोक्यांचा पुठ्ठा नेणारा भंगारवाला फिरकत नाही. म्हणून फक्त पुढच्या तीन-चार दिवसांत लागेल तेवढंच लिहावं.

दिवाळीची पोस्त हा त्यातला नाजूक विषय. वॉचमन, झाडूवाला, पेपरवाला, लिफ्टवाला असे एकेक जण दारात येतात. काही सोसायट्या ती रक्कम सगळ्यांकडून जमा करून एकदम देतात, काही ठिकाणी ज्याचं त्याने द्यायचं असतं. चार दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. तो एकतर दोनदा देतो किंवा नाही म्हणतो आणि वर्षभर वॉचमनच्या मनात राहतो. सोसायटीची पद्धत एका ओळीत सांगितली तर उपकारच होतात, मात्र आकडा लिहू नये. "आमच्याकडे पोस्त सोसायटी एकत्र देते, दारात कुणी आलं तर तसं सांगा," एवढं पुरतं.

काय लिहू नये, तेही याच ठिकाणी सांगायला हवं. पार्किंगचे नियम, गॅलरीत कपडे वाळत घालण्याची बंदी, दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाची वर्गणी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये येण्याचा आग्रह. यातलं एक जरी वाक्य आलं की चिठ्ठीची नोटीस होते आणि लाडू तिच्यासोबतची लाच वाटायला लागतो. ही कामं सेक्रेटरींची आहेत, त्यांना ती भाऊबीजेनंतर करू द्यावीत. फोन नंबर आपला द्यावा, त्यांचा मागू नये. त्यांच्या दाराचा फोटो काढून "आपले नवे मेंबर" म्हणून ग्रुपवर टाकणं तर टाळायलाच हवं.

केव्हा न्यायचा?

सामान उतरतं त्या दिवशी नको. त्या वेळी दारात हमाल असतात, हिशेब चाललेला असतो आणि डबा कुणाच्या हातात द्यायचा हेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळी सहानंतर जावं. दारातच बोलावं आणि "या ना आत" म्हणाले तरी पुन्हा येईन म्हणून निघावं, कारण आत बसायला सोफ्यावरची खोकी हलवावी लागणार असतात. दार बंद असेल तर डबा कडीला लटकवून येऊ नये. तासाभरात मुंग्यांची रांग लागते आणि नव्या घराच्या उंबऱ्यावर तीच पहिली दिसते. चिठ्ठी दाराच्या फटीतून सरकवावी आणि डबा आपल्याकडेच ठेवावा.

कुटुंब दुसऱ्या प्रांतातलं असेल तर दिवसही बघावा. तमिळ घरांत दीपावली म्हणजे मुख्यतः नरकचतुर्दशीची पहाट. त्या दिवशी तेल लावून आंघोळ झाली की "गंगास्नान झालं का?" असं एकमेकांना विचारतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डबा घेऊन गेलो तर त्यांचा सण एव्हाना उरकलेला असतो. गुजराती कुटुंबाचं नवं वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यांच्याकडे त्या सकाळी जाणं शोभतं. बंगाली घरात अमावास्येच्या रात्री कालीपूजा असते. केरळात बहुतेक ठिकाणी दिवाळीचं फार प्रस्थ नाही, तिथल्या मंडळींना चकली-कडबोळ्यांतला फरक सांगणारी एक ओळ शुभेच्छांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि चिठ्ठी त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावी. मराठी येत नसेल तर सोप्या हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं, पदार्थांची नावं मात्र मराठीच ठेवावीत. चिवड्याला चिवडा म्हणूनच त्यांना तो पुढे दुकानात मागता येईल.

दार उघडल्यावर

"यंदा आमच्याकडे दिवाळी नाही," असं उत्तर आलं तर? ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, तिथे पहिल्या दिवाळीला बरेच लोक कढई चढवत नाहीत, कंदील लावत नाहीत. घर बदलण्याचं कारणही कधीकधी तेच असतं. हे बाहेरून कळायला मार्ग नाही. तेव्हा गोंधळून डबा मागे घ्यायचा नाही. अशा घरी फराळ शेजारपाजारच्यांनी आणि नातेवाइकांनीच द्यायचा, ही आपली जुनी रीत आहे, विशेषतः घरात मुलं असतील तर. फक्त रंगीत शुभेच्छापत्र, "आनंदाची उधळण" वगैरे छापील मजकूर अशा वेळी बोचतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत "दिवाळीच्या शुभेच्छा" हे दोनच शब्द असतील तर ते खटकत नाहीत आणि बाकीचा मजकूर जसाच्या तसा उपयोगाचा राहतो. शुभेच्छा मोजक्या लिहाव्यात याचं खरं कारण हे आहे.

उत्तर आलं नाही तरी त्याचा अर्थ लावत बसू नये. शेगडी लागायला, मुलाची शाळा, गॅसचं हस्तांतर, सगळं मार्गी लागायला पंधरा दिवस जातात. "चकली कशी झाली होती?" असं लिफ्टमध्ये विचारणं म्हणजे आभार वसूल करणं. चिठ्ठीचा उपयोग झाला की नाही हे कळायची खूण वेगळी आहे. पाडव्याच्या सकाळी त्यांनी कचऱ्याची बादली बाहेर ठेवली नाही, पोस्त मागायला आलेल्याला बरोबर उत्तर दिलं, किंवा रात्री साडेनऊला बेल वाजवून "थोडं दूध मिळेल का, बाळ रडतंय" असं विचारलं, की समजावं त्यांनी चिठ्ठी वाचली आहे. दूध मागायला आलेला शेजारी हा आभार मानायला आलेल्या शेजाऱ्यापेक्षा एक पायरी जवळ आलेला असतो.

हीच रीत दुसऱ्या सणांना लावताना पदार्थ बघून चिठ्ठी बदलावी लागते. गणपतीत उकडीचे मोदक द्यायचे तर "आजच खा" ही पहिली ओळ हवी. संक्रांतीच्या तिळगुळाला टिकण्याची चिंता नाही, पण त्यात दाण्याचा कूट आहे का, हे लिहायलाच हवं. बाकी दाराचा नंबर, घरातली माणसं, दोन दिवसांची माहिती आणि डबा परत नको, एवढं कुठल्याही सणाला तसंच राहतं. यंदा फराळ करायला बसाल तेव्हा भाजणी काढण्याआधी वहीचं अर्धं पान फाडून ठेवा. चकल्या तळून झाल्यावर हात तुपा-तेलाचे असतात आणि लिहायचं राहून जातं.